संध्याकाळी दिसणारा त्रिकोण: शिरोलीच्या एका निर्यातदाराचं प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या उन्हाळ्यातलं. संबंधितांची नावं दिलेली नाहीत, आणि रकमा व दर ओळख पटू नये इतपत गोल केले आहेत. एकमेकांशी त्यांचा ताळा मात्र बसतो, त्यामुळे ज्याला पडताळायचं असेल त्याने कॅल्क्युलेटर घेऊन बसावं.

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे. पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज बनतात. सगळा माल आधी देशातच जायचा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतला एक आणि जर्मनीतला एक असे दोन ग्राहक बांधले गेले. अमेरिकेचे पैसे डॉलरमध्ये येतात, जर्मनीचे युरोत. जर्मनीचं बिल साधारण दोन महिन्यांनी, ६०,००० युरोच्या आसपास.

कारखाना आप्पांचा. आप्पांना भट्टीचं तापमान नुसत्या रंगावरून कळतं, पण बँकेच्या कागदाला ते हात लावत नाहीत. ते काम त्यांचा पुतण्या बघतो. बी.कॉम. झालेला, एक्सेलमध्ये हात बसलेला, आणि रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर दरांचे चार्ट बघत बसणारा. मी त्यांचे हिशेब आणि निर्यातीचे कागद बघतो. माझं ऑफिस राजारामपुरीत आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

एके दिवशी रात्री साडेआठला पुतण्याचा फोन आला. "सर, बाजारात फुकटचे पैसे पडलेत. रोज पडतात. मी आठवडाभर बघतोय."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊनच आला. शीटमध्ये तीन ओळी होत्या. डॉलर-रुपया ८३.२०, म्हणजे एका डॉलरला ८३ रुपये २० पैसे. युरो-डॉलर १.०८५०, म्हणजे एका युरोला एक डॉलर आणि साडेआठ सेंट. युरो-रुपया ९०.६०.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पहिले दोन दर माहीत असले की तिसरा आपोआप ठरायला हवा. एक युरो म्हणजे १.०८५० डॉलर, आणि प्रत्येक डॉलरचे ८३.२० रुपये, गुणाकार केला की ९०.२७ येतात. हाच क्रॉस रेट. पण स्क्रीनवर युरो ९०.६० ला दिसतोय. म्हणजे डॉलरच्या वाटेने युरो घेतला तर ९०.२७ ला पडतो आणि थेट विकला तर ९०.६० मिळतात. मधले तेहतीस पैसे आपले.

तीन चलनांचा हा त्रिकोणी फेरा असा: रुपये देऊन डॉलर घ्यायचे, डॉलर देऊन युरो घ्यायचे, युरो विकून पुन्हा रुपये. एका रुपयाचे ०.०१२०१९ डॉलर, त्यांचे ०.०११०७८ युरो, आणि त्यांचे परत १.००३६३ रुपये. एका रुपयामागे ०.३६ पैसा नफा. दहा लाख फिरवले तर ३,६३३ रुपये. त्याच्या शीटमधलं सूत्र एका ओळीचं होतं:

```
=B3/(B1*B2)-1
```

B1 मध्ये डॉलर-रुपया, B2 मध्ये युरो-डॉलर, B3 मध्ये युरो-रुपया. उत्तर शून्याच्या वर आलं तर या दिशेने फिरायचं, खाली आलं तर उलट दिशेने. सूत्र बरोबर आहे. सुरुवातीच्या एका रुपयामागचा नफा असाच काढतात, पुस्तकातही हेच असतं. चूक सूत्रात नव्हती, म्हणून ती सापडायला वेळ लागला.

निर्णयाचा पहिला टप्पा: दर कधीचे?

मी त्याला एवढंच विचारलं, "हे तिन्ही आकडे तू किती वाजता उतरवलेस?"

"साडेसात. कारखान्यातून घरी आलो की रोज."

तिन्ही आकडे एकाच वेळी उतरवले होते हे खरं, पण ते एकाच वेळचे नव्हते. साडेसातला मुंबईतला बँकांचा डॉलर-रुपया बाजार बंद झालेला असतो. त्यामुळे रुपयातले दोन्ही दर दुपारच्या बंद भावावर थिजलेले असतात. युरो-डॉलर मात्र त्या वेळी लंडनमध्ये जोरात चालू असतो आणि न्यूयॉर्कही उघडलेलं असतं. म्हणजे दोन घड्याळं दुपारी बंद पडलेली आणि तिसरं चालू. दुपारी बाजार बंद होताना युरो-डॉलर किती होता, हे त्याच्याच आकड्यांतून निघतं: ९०.६० भागिले ८३.२० म्हणजे १.०८८९. दुपारनंतर युरो १.०८८९ वरून १.०८५० ला उतरला होता. त्रिकोणात दिसणारा 'नफा' म्हणजे ही चाळीसेक पिपांची उतरण; पिप म्हणजे भावातल्या चौथ्या दशांश स्थानावरचा एक. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रुपयाचा बाजार उघडला की युरो-रुपया नव्या पातळीवरच उघडणार.

संध्याकाळी युरो चढला असता, तर त्याच्या शीटमध्ये उणे आकडा आला असता आणि त्याने उलट दिशेचा नफा मांडला असता. आठवडाभराचे त्याचे आकडे पाहिले तर तसंच दिसलं: तीन दिवस अधिक, दोन दिवस उणे. दोन्ही बाजूंना नफा रोज दिसतो आणि तोही फक्त संध्याकाळी, हीच शंका घेण्याची खूण होती.

यात आणखी एक गोष्ट कळून घेण्यासारखी आहे. भारतात युरो-रुपया नावाचा मोठा स्वतंत्र बाजार नाही. बँका युरो-रुपयाचा भाव युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया यांचा गुणाकार करूनच काढतात. दुपारी दीडच्या सुमारास एफबीआयएल ही बाजाराचे संदर्भ दर काढणारी संस्था जो दर जाहीर करते, त्यात डॉलर-रुपयाचा दर प्रत्यक्ष व्यवहारांवरून येतो आणि युरो, पाउंड, येनचे दर त्याला क्रॉस करून काढलेले असतात. म्हणजे ज्या तिसऱ्या बाजूत पुतण्या फट शोधत होता, ती बाजू मुळात पहिल्या दोन बाजूंपासूनच बनवलेली. त्या संदर्भ दरांत त्रिकोण शोधणं म्हणजे स्वतःच केलेली बेरीज पुन्हा करून ती जुळते का बघणं.

पुतण्या थोडा हिरमुसला, पण हटला नाही. "मग सकाळी साडेदहाला बँकेचे तिन्ही दर एकदम मागतो. तेव्हा तर घड्याळ एकच असेल?"

ही मागणी रास्त होती. मी म्हटलं, माग.

निर्णयाचा दुसरा टप्पा: कोणता आकडा कुठे?

त्यांच्या बँकेच्या शाखेतून दर आले. छापील पत्रकावर प्रत्येक जोडीला दोन आकडे असतात: बँक ज्या भावाने आपल्याकडून घेते तो आणि ज्या भावाने आपल्याला विकते तो. त्या सकाळी असे होते:

```
            बँक घेते (B)   बँक विकते (C)
USD/INR      82.95         83.45
EUR/USD      1.0825        1.0875
EUR/INR      89.85         90.95
```

एका आकड्याचे दोन झाले की जुनं सूत्र निरुपयोगी होतं. प्रत्येक टप्प्यावर कोणता रकाना, हे ठरवावं लागतं. पुतण्याने पहिल्या प्रयत्नात ९०.६० च्या जागी ८९.८५ घातले, डॉलरसाठी ८३.४५ घातले, आणि मधल्या टप्प्यात १.०८२५. उत्तर आलं उणे ०.५४ पैसा.

मधला आकडा चुकला होता, आणि तो जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. रुपयांच्या बाबतीत आपण घेतोय की विकतोय हे लगेच कळतं. पण युरो-डॉलरमध्ये आपण 'डॉलर विकतो' असं मनात येतं, आणि हात 'बँक घेते' या रकान्याकडे जातो. भाव मात्र युरोचा लिहिलेला असतो, डॉलरमध्ये. डॉलर देऊन आपण युरो विकत घेतोय, म्हणजे बँक युरो विकतेय, म्हणजे मोठा आकडा, १.०८७५. जोडीतलं पहिलं नाव ज्याचं, ती वस्तू; दुसरं नाव ज्याचं, ते पैसे. शिंगोशी मार्केटात वांगी आणायला गेल्यावर 'मी रुपये विकले' असं आपण म्हणत नाही, तसंच.

दुरुस्त सूत्रं दोन झाली, एक सरळ फेऱ्याचं आणि एक उलट फेऱ्याचं:

```
=B3/(C1*C2)-1
=B1*B2/C3-1
```

सरळ फेरा: ८३.४५ गुणिले १.०८७५ म्हणजे ९०.७५, त्यावर मिळतात ८९.८५. एका रुपयामागे जवळपास एक पैसा तोटा, दहा लाखांवर ९,९३८ रुपये. उलट फेऱ्यात, म्हणजे आधी युरो, मग डॉलर, मग रुपये, तोटा त्याहून जास्त: १२,७१७ रुपये. नफा एकाही दिशेला नाही.

मग मी त्याला पट्टे काढून दाखवले, कारण सूत्रापेक्षा ते डोळ्याला लवकर कळतात. डॉलरच्या वाटेने युरो विकला तर हातात पडतात ८२.९५ गुणिले १.०८२५, म्हणजे ८९.७९. त्याच वाटेने युरो घ्यायचा तर लागतात ९०.७५. हा एक पट्टा: ८९.७९ ते ९०.७५. थेट भावाचा पट्टा ८९.८५ ते ९०.९५. त्रिकोणात पैसे तेव्हाच असतात, जेव्हा हे दोन पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत; एकाचा वरचा काठ दुसऱ्याच्या खालच्या काठाच्याही खाली राहतो. इथे दोन्ही पट्टे जवळजवळ पूर्ण एकावर एक. मोठ्या बँकांच्या आपापसातल्या बाजारात हे पट्टे केसासारखे बारीक असतात, म्हणून तिथे कधीमधी क्षणभर फट पडते. ती यंत्रं डोळ्याची पापणी लवायच्या आत बुजवतात.

आप्पा तेवढ्यात चहा घेऊन आत आले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरं, शाहूपुरीत गुळाचा भाव कऱ्हाडपेक्षा जास्त दिसला म्हणून कोण रवे उचलून पळतंय का? अडत, हमाली, तोलाई, टेम्पो. उरतंय काय?" त्यांनी दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यासाठी मी अर्धा तास घेतला होता.

हमाली-तोलाईवरून आठवलं. जीएसटी अजून धरलाच नव्हता. परकीय चलन बदलताना रकमेच्या एका ठरलेल्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो: एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर, त्यापुढे दहा लाखांपर्यंत एक हजार अधिक वरच्या रकमेच्या अर्ध्या टक्क्यावर. दहा लाखांवर हिशेबाची रक्कम होते ५,५०० आणि कर ९९० रुपये. फेऱ्यात रुपयाचे दोन टप्पे, म्हणजे १,९८०. पुतण्याचा संध्याकाळचा ३,६३३ चा नफा अगदी खरा असता, तरी त्यातला अर्ध्याहून जास्त इथेच गेला असता.

समोर असलेले पर्याय

एवढं होईपर्यंत पुतण्याने दोन पर्याय मनात तयार ठेवले होते. ते नीट तपासले, कारण 'नाही' म्हणून विषय संपत नसतो. तो मग गुपचूप होतो.

पहिला: बँक सोडून शेअर बाजारातल्या करन्सी फ्युचर्समध्ये त्रिकोण करायचा. एनएसईवर डॉलर-रुपया, युरो-रुपया आणि २०१८ पासून युरो-डॉलर असे तिन्ही वायदे आहेत, आणि घेण्या-विकण्यातलं अंतर बँकेच्या पत्रकापेक्षा खूप कमी असतं. पण युरोचा लॉट १,००० युरोचा आणि डॉलरचा १,००० डॉलरचा. १,००० युरो म्हणजे १,०८५ डॉलर. ते एका लॉटमध्ये बसत नाहीत. फेरा बंद व्हायला युरोचे १२ लॉट आणि डॉलरचे १३ लॉट लागतात, तेव्हा कुठे जमतं: १२ गुणिले १.०८५ म्हणजे १३.०२. त्यात तीन सौदे एका क्षणी व्हायला हवेत. दोन झाले आणि तिसरा अडकला, की हातात राहतो तो नुसता सट्टा. आणि मोठी अडचण कायद्याची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं आणि मे २०२४ पासून लागू झालं की रुपयाच्या या वायद्यांत उतरणाऱ्याकडे चलनाची खरी जोखीम, म्हणजे येणं किंवा देणं, असायला हवं. आप्पांच्या कारखान्याला युरोचं येणं होतं. पण त्यावर त्रिकोण फिरवणं हे त्या येण्याचं संरक्षण ठरत नाही.

दुसरा पर्याय मला धोक्याचा वाटला. शहरातला एक एजंट पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर भेटला होता. परदेशी प्लॅटफॉर्म, 'ऑटोमॅटिक ट्रँग्युलर', सुरुवात दोन लाखांपासून. पैसे एका खासगी खात्यात टाकायचे. मी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची अनधिकृत फॉरेक्स मंचांची यादी उघडून दाखवली. ती सप्टेंबर २०२२ पासून आहे. त्याचा प्लॅटफॉर्म तिथे सापडला नाही, आणि तो आनंदला. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी असते, आणि तिथेही हे नाव नव्हतं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, हे सांगितल्यावर आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुतण्याचा फोन मागून घेतला. तो नंबर त्यांच्यासमोर ब्लॉक झाला.

बँकेतल्या फेऱ्याबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली होती. निर्यातदाराला त्याचं परकीय चलन काही काळ ईईएफसी खात्यात ठेवता येतं; एका महिन्यात जमा झालेलं पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वापरून नाहीतर रुपयात बदलून टाकावं लागतं. आणि एकदा रुपये केले, की त्या रुपयांचं पुन्हा परकीय चलन करून त्याच खात्यात भरता येत नाही. म्हणजे रुपयापासून सुरू होऊन रुपयावर संपणारा फेरा असो किंवा युरोपासून युरोपर्यंतचा, तो एका ठिकाणी तुटतोच. गणितात त्रिकोण बंद होतो, फेमात होत नाही. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण मग पुढचं काही सापडलं नसतं.

तोट्याची वाटणी

मी विषय संपवून उठणार होतो. पुतण्या म्हणाला, "सर, ९,९३८ गेले, पण कुठं कुठं गेले?"

हा त्या सगळ्या आठवड्यातला सर्वांत चांगला प्रश्न होता.

आम्ही त्याच मिनिटाचे बाजारातले मधले भाव घेतले: डॉलर ८३.२०, युरो-डॉलर १.०८५०, त्यावरून युरो ९०.२७. प्रत्येक टप्प्यावर मधल्या भावाऐवजी बँकेचा भाव लावल्याने किती कमी झालं, ते दहा लाखांवर मांडलं. रुपयातून डॉलर: २,९९६. डॉलरमधून युरो: २,२९२. युरोतून रुपये: ४,६५०. बेरीज बरोबर ९,९३८.

तिसरा टप्पा एकटाच जवळपास अर्धा तोटा खात होता. आणि तिन्ही टप्प्यांपैकी हा एकच आप्पांच्या रोजच्या धंद्यातला: जर्मनीचे युरो येतात आणि त्यांचे रुपये होतात. बाकीचे दोन टप्पे ते आयुष्यात कधी करणार नव्हते.

मग बँकेच्या जुन्या ॲडव्हाइस, म्हणजे कोणत्या दराने किती रुपये झाले हे कळवणारी पत्रं, काढल्या. डॉलरला आप्पांना छापील ८२.९५ मिळत नव्हते; चार वर्षांपूर्वी मोठी ऑर्डर आली तेव्हा घासाघीस करून त्यांनी मार्जिन पाच पैशांवर आणलं होतं. मधला भाव ८३.२० असेल त्या दिवशी त्यांना ८३.१५ मिळायचे. युरोबद्दल मात्र कुणी कधी बोललंच नव्हतं. युरो नंतर आला, थोडा आला, आणि पहिल्या दिवसापासून पत्रकावरच्या भावाने बदलत राहिला. मधल्या भावापासून ४२ पैसे खाली. टक्केवारीत डॉलरला ०.०६, युरोला ०.४७. एकाच खात्यावर, एकाच शाखेत, सुमारे आठपट फरक.

आणि बँकेला युरो महाग पडत होता म्हणून हे होतं, असंही नाही. बँक ते युरो डॉलरमध्ये बदलते आणि डॉलर रुपयात. दुसऱ्या टप्प्यावर आप्पांना ती पाच पैशांत सोडत होती. पहिला टप्पा जगातल्या सर्वांत मोठ्या चलन बाजारात होतो, जिथे बँकांचं आपापसातलं अंतर एखाद-दुसऱ्या पिपाचं असतं. एक पिप म्हणजे युरोमागे पैशाच्या आसपास.

केलेली कृती

पुढचं जर्मन बिल येणार होतं त्याच्या आधी आम्ही शाखेऐवजी बँकेच्या डीलिंग रूमशी बोलायचं ठरवलं. ही सोय पहिल्यापासून होती, कुणी मागितली नव्हती. फोन पुतण्याने केला, मी शेजारी बसलो. त्याला तीनच गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. दर विचारायच्या आधी स्वतःचा क्रॉस काढून समोर ठेवायचा. दर नाही, 'मार्जिन किती पैसे' हे विचारायचं. आणि पाचच सेकंद गप्प बसायचं.

डीलरने आधी ८९.९० सांगितले. पुतण्या म्हणाला, "युरो-डॉलर आत्ता १.०८५० चाललाय, डॉलर ८३.२०. क्रॉस ९०.२७ येतो. तुम्ही सदतीस पैसे घेताय. डॉलरला आमच्याकडून पाच घेता." पलीकडे जरा शांतता होती. मग "पंचवीस करतो" आलं. पुतण्याने सांगितल्याप्रमाणे गप्प बसून दाखवलं, आणि ती पाच सेकंदं मला अर्ध्या तासासारखी वाटली. शेवटी बारा पैशांवर ठरलं, आणि ते ईमेलवर लिहून मागितलं. तोंडी मार्जिन पुढच्या महिन्यात डीलर बदलला की विसरलं जातं.

परिणाम

६०,००० युरोचे ९०.१५ ने रुपये झाले. जुन्या पद्धतीने ८९.८५ मिळाले असते. युरोमागे तीस पैसे, एकूण १८,००० रुपये. दोन महिन्यांतून एकदा, धोका न घेता, कुठलाही फेरा न मारता.

त्या दिवसाचा पूर्ण त्रिकोण पुतण्याने नव्या दरांनी पुन्हा मांडला. सरळ फेऱ्याचा तोटा ९,९३८ वरून साधारण ६,६०० वर आला. अजून तोटाच. तो यापुढेही तोटाच राहणार, आणि तसाच असायला हवा.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझी. दोन वर्षं मी त्यांच्या युरोच्या ॲडव्हाइस फाइलला लावत होतो, रक्कम जुळवत होतो, आणि दर क्रॉसशी ताडून बघितला नव्हता. बारा बिलं, प्रत्येकी १८,०००. दोन लाख सोळा हजार. आप्पांना हा आकडा मीच सांगितला. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त "डॉलरचं तुम्हीच सांगितलं होतं की तेव्हा," एवढं म्हणाले, आणि ते जास्त लागलं.

दुसरं, दर उतरवताना वेळेचा रकाना पहिल्या दिवसापासून असता, तर आठवडा वाचला असता. आता शीटमध्ये तो आहे, आणि तिन्ही दरांच्या वेळांत एका मिनिटाहून जास्त फरक पडला की ती ओळ लाल होते. सुट्टीच्या दिवशी आणि दुपारी बाजार बंद झाल्यानंतर शीट उत्तरच देत नाही.

तिसरं, डॉलरच्या टप्प्यासाठी आम्ही बँकेच्या शब्दावर अवलंबून राहिलो. क्लिअरकॉर्पचा एफएक्स-रिटेल मंच २०१९ पासून आहे. तिथे छोट्या ग्राहकालाही डॉलर-रुपयाचा चालू भाव दिसतो आणि आपल्याच बँकेमार्फत सौदा करता येतो. तिथली नोंदणी आधी केली असती, तर क्रॉसची एक बाजू फोनवर वाद न घालता पक्की झाली असती. नोंदणी आता झाली आहे.

फोन कुणी करावा यावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं मालकाने करावा, वजन पडतं. आप्पांना ते पटत नाही. गेल्या बिलाच्या वेळी त्यांनी फोन घेतला, डीलरने भाव सांगताच "बरं, करा," म्हणून टाकलं, आणि पुतण्या समोरून हातवारे करत राहिला. त्या दिवशी मार्जिन बाराचं चौदा झालं होतं. ईमेल दाखवून दुसऱ्या दिवशी ते परत बारावर आणावं लागलं.